कार्ट्रिज भरलेली, चिप रिकामी



विट्याचा माणूस भेटला की लोक हमखास विचारतात, घरात यंत्रमाग आहे, की कोणी गलाईला बाहेरगावी आहे? आमच्या घरात गलाई आहे. थोरल्या चुलत्यांचा उभा जन्म दक्षिणेत सोनं गाळण्याच्या भट्टीपुढं गेला. मी मात्र गावातच राहून प्रिंटर दुरुस्त करतो. सोन्याशी माझाही थोडासा संबंध उरला आहे, तो पुढं येईलच.

जून महिन्यातली गोष्ट. शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची धांदल, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचा सकाळीच फोन आला. "दादा, काळी आणि निळी, दोन्ही कार्ट्रिज बदलल्या. शाई काठोकाठ हाय. आणि मशीन म्हणतंय, चालत न्हाई!"

मी विचारलं, नेमकं काय म्हणतंय? मशीनच्या पडद्यावर आलेलं वाक्य कोणी नीट वाचत नाही. सगळी तक्रार "चालत नाही" या दोन शब्दांत बसवतात. ताईंनी वाचून दाखवलं, तेव्हा दोन वेगळी वाक्यं निघाली. काळीसाठी "कार्ट्रिज ओळखता येत नाही", आणि निळीसाठी "कार्ट्रिज रिकामी आहे". ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

त्यांच्या प्रिंटरमध्ये चार रंगांच्या चार सुट्या कार्ट्रिज बसतात. प्रत्येकीच्या अंगावर नखाएवढी हिरवी पट्टी असते आणि तिच्यावर सोनेरी ठिपके. ही चिप. कार्ट्रिज खोबणीत बसली की प्रिंटरच्या आतल्या बारीक स्प्रिंगच्या पिना या ठिपक्यांना टेकतात आणि चिपमध्ये लिहिलेलं वाचतात. कुठला रंग, कुठल्या मॉडेलची, किती शाई उरली. उरलेली शाई प्रिंटर डोळ्यांनी बघत नाही. छापताना किती थेंब उडवले याचा तो हिशेब ठेवतो आणि तो चिपमध्ये लिहीत जातो. बँकेच्या पासबुकासारखं समजा. तुम्ही पिशवीभर रोकड घेऊन उभे असलात, तरी हा कारकून पासबुकात शून्य बघून तुम्हाला परत पाठवणार.

दुकानात गेल्यावर आधी काळी घेतली. चिकटपट्ट्या काढल्या होत्या का, हे मी पहिल्यांदा विचारतो. काही कार्ट्रिजना त्या सोनेरी भागावरच पारदर्शक पट्टी असते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तशीच आत जाते. इथं ती काढलेली होती. मग मी टेबलाखालच्या टोपलीतून जुनी काळी कार्ट्रिज काढून परत बसवली. प्रिंटर म्हणाला, "रिकामी." ताई वैतागल्या, पण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. रिकामी म्हणाला, म्हणजे ओळखली. म्हणजे प्रिंटरच्या पिना शाबूत आहेत आणि दोष नव्या कार्ट्रिजकडे आहे. जुनीही ओळखली नसती, तर मी आतल्या पिना तपासल्या असत्या. एखादी वाकलेली असते, एखादीवर शाई सुकलेली असते.

नवी काळी उजेडात तिरपी धरली. ठिपक्यांवर बोटाचा ठसा उमटलेला, त्यात शाईचा पुसट फराटा. सकाळपासून तीनदा काढून तीनदा बसवली होती, तीही चिपवर अंगठा ठेवून. हे ठिपके तांब्याचे असतात आणि वर सोन्याचा मुलामा. सोनं गंजत नाही, पण त्यावर बसलेला बोटाचा तेलकटपणा आणि शाईचा पापुद्रा वीज अडवतो. चुलत्यांना मी एकदा अशी चिप दाखवली होती. ते हसून म्हणाले, "ह्यातलं सोनं काढायला सोन्यापेक्षा गॅस महाग पडंल!" खरंच, तो थर एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतो. म्हणूनच तो खोडरबरानं किंवा पॉलिश पेपरनं घासायचा नाही. पहिल्या वेळी मशीन चालू होईलही, पण सोनं निघून गेल्यावर खालचा धातू काळवंडायला लागतो.

मी धागे न सुटणारं कापड घेतलं, चष्मा पुसायचं असतं तसलं. ते डिस्टिल्ड वॉटरनं जेमतेम ओलं केलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, ते सुकल्यावर पांढरा डाग ठेवतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. मात्र बाटलीवरचं नाव वाचून घ्या, कारण शेजारच्या बाटलीत अॅसिड असतं. शाई फार चिवट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, नेलपॉलिश काढायचं द्रव मात्र प्लॅस्टिक खातं. एकाच दिशेनं दोनदा पुसलं आणि दहा मिनिटं सुकू दिलं. प्रिंटरच्या आतल्या पिना पुसायच्या असतील, तर आधी वीज बंद करून प्लग काढायचा.

बसवली. तरी ओळखेना.

पुन्हा काढून बघितली, तर चिपची एक कड किंचित वर उचललेली. कंपॅटिबल कार्ट्रिजमध्ये हे होतं. कवच एका कारखान्यातलं, चिप दुसऱ्यातली, आणि दोन्हींचं मिलन गोंदाच्या भरवशावर. एखाद्या मिलिमीटरनं ठिपका सरकला की पीन रिकाम्या जागेवर टेकते. नखानं कड दाबून बसवली, कार्ट्रिज "टक्" आवाज येईपर्यंत खाली ढकलली, आणि प्रिंटरनं काळी ओळखली.

निळीला मी पुसण्याचा खटाटोप केलाच नाही. ती नवी नव्हतीच, कोणीतरी जुनी भरून दिली होती. शाई नवी, पासबुक जुनं. मशीननं ती बरोबर ओळखली होती, म्हणजे पिना लागत होत्या आणि चिप स्वच्छ होती. अशा वेळी कितीही पुसलं तरी शून्य पुसलं जात नाही. चिप बदलावी लागते, किंवा त्या मॉडेलसाठी रिसेटर मिळत असेल तर तो लावावा लागतो. काही प्रिंटर "रिकामी" असा इशारा देतात आणि बटण दाबल्यावर पुढं छापत राहतात. हा ठप्प होणाऱ्यांपैकी होता. कंपनीची बाजूही सांगतो. खरोखर कोरडी कार्ट्रिज चालवली तर हवा आत शिरते आणि छपाईचं हेड खराब होऊ शकतं. पण त्या निळीत शाई होती.

आणखी एक दुखणं आहे, ज्यात कार्ट्रिज स्वच्छ, भरलेली आणि नीट बसलेली असूनही नाकारली जाते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतल्या कित्येक प्रिंटरनी अचानक इतर कंपन्यांच्या चिपा नाकारायला सुरुवात केली. आधीच्या अपडेटमध्ये ती सोय करून ठेवलेली होती. गदारोळ झाला, आणि कंपनीनं ग्राहकांना नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागून दुसरं अपडेट दिलं. उलटा प्रकार जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीत झाला. चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅननला स्वतःचे ऑफिस कॉपियरचे टोनर बिनचिपचे विकावे लागले, आणि "ओळखता येत नाही" ही सूचना बटण दाबून बाजूला कशी सारायची, हे कंपनीनंच ग्राहकांना शिकवलं.

कालपर्यंत चालणारी कंपॅटिबल कार्ट्रिज आज इंटरनेटला जोडल्यानंतर नाकारली गेली, आणि पडद्यावर "अस्सल नसलेली चिप" असा मजकूर आला, तर कापड बाजूला ठेवा. ती विक्रेत्याकडून बदलून घ्या. त्यासाठी बिल आणि खोकं जपून ठेवा.

ताईंचं काम त्या दिवशी काळ्यावरच भागलं, कारण दाखल्याचे अर्ज काळेच छापायचे होते. पण त्यांचा प्रिंटर एक रंग अडला की चारही अडवणारा, म्हणून निळीच्या जागी मी माझ्या पेटीतली दुसरी बसवून दिली. ती भरलेली निळी कार्ट्रिज आजही त्यांच्या काउंटरवर आहे. पंख्यानं अर्ज उडू नयेत म्हणून त्यांनी ती वर ठेवली आहे.