पानभर अर्ज आणि सहा ओळींचा मेल



थोड्या वेळात इथे नाटक सुरू होणार आहे. झाडीपट्टीच्या प्रेक्षकांना नाटकाआधी लांबलचक भाषण ऐकवायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून यशाची गुरुकिल्ली वगैरे आज सांगत नाही. नागपूर भागातल्या कारखान्यांसाठी माणसं निवडणं हे माझं काम आहे, आणि त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे. नोकरीच्या अर्जासोबत तुम्ही विद्यार्थी जे पानभर पत्र लिहिता, ते मेलमध्ये जाताना किती आणि कसं कापायचं, एवढंच.

तुमच्यापैकी काही जण इथेच गडेगावला अशोक लेलँडमध्ये अर्ज करतील, काही वरठीला सनफ्लॅगमध्ये, बरेच जण बुटीबोरीला. खासगी ठिकाणी आता बहुतेक अर्ज मेलनेच जातो. आणि आपली मुलं काय करतात, तर शाळेत शिकलेलं अर्जलेखन जसंच्या तसं मेलमध्ये उतरवतात. ‘प्रति, माननीय व्यवस्थापक’ इथून सुरुवात, मग कंपनीचा पत्ता, तारीख, विषय, संदर्भ, ‘महोदय’, आणि त्याखाली पाच परिच्छेद.

हे वाचणाऱ्याला कसं दिसतं ते ऐका. माझ्यासारखा माणूस सकाळी मेल मोबाईलवर बघतो. यादीत त्याला तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचा पहिला तुकडा. तुमचा पहिला तुकडा ‘प्रति, माननीय व्यवस्थापक, अमुक कंपनी, प्लॉट क्रमांक’ असा असेल, तर माझ्याच ऑफिसचा पत्ता मला वाचायला मिळतो. मेल उघडला तरी पहिला स्क्रीन त्यातच संपतो. कामाची ओळ तिसऱ्या स्क्रीनवर असते. जाहिरातीनंतरच्या दोन दिवसांत अर्जांचा ढीग पडलेला असताना तिसऱ्या स्क्रीनपर्यंत कोण जातो? खरं सांगायचं तर मी क्वचितच जातो.

आता एक अर्ज उलगडून दाखवतो. याच लाखनी तालुक्यातली एक मुलगी, बी.कॉम. झालेली. नाव सांगत नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्यात लेखा सहायक हवा होता. जाहिरातीत मागणी तीनच गोष्टींची होती: बी.कॉम., टॅली आणि जीएसटीच्या कामाची माहिती, एक वर्षाचा अनुभव. पाठवण्याआधी तिने पत्र मला दाखवलं. साधारण 350 शब्द होते. आम्ही दोघं ते घेऊन बसलो.

पत्ता, तारीख आणि संदर्भ आधी काढले. तारीख मेलवर आपोआप येते आणि पत्ता कंपनीला ठाऊक असतो. ‘विषय’ ही ओळ मेलच्या विषयाच्या चौकटीत गेली.

मग पहिला परिच्छेद: ‘आपल्या नामांकित व अग्रगण्य कंपनीत सेवा करण्याची संधी मिळणे हे मी माझे भाग्य समजते.’ मी तिला विचारलं, हेच वाक्य तुझ्या मैत्रिणीने दुसऱ्या कंपनीला पाठवलं तर त्यात काय बदलेल? ती हसली आणि स्वतःच काट मारली. कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर, सर्वांना सोबत घेऊन काम करणारी, हा चौथा परिच्छेदही त्याच प्रश्नावर गेला. मुलगी प्रामाणिक नव्हती असं नाही. पण अप्रामाणिक माणूसही पत्रात हेच लिहितो, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, एमएस-सीआयटी, टायपिंग हे सगळं बायोडेटात होतंच. पत्रात फक्त बी.कॉम. उरलं.

पाचवा परिच्छेद काढताना मात्र ती थांबली. त्यात लिहिलं होतं की वडिलांची दोन एकर धानाची शेती आहे, धाकटा भाऊ शिकतोय, घराला या नोकरीची फार गरज आहे. खरं होतं ते. मी म्हणालो, बाई, हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही. पण निवड करणारा यावर निवड करू शकत नाही, कारण त्याच्यापुढच्या निम्म्या अर्जदारांची तीच परिस्थिती असते. आणि पगाराची बोलणी करताना समोरच्याला तुझी गरज आधीच कळलेली असली, तर तो आकडा खालीच लावतो. तो परिच्छेद काढला. माझ्या मते प्रत्येकाने असा मजकूर काढावाच.

आता राहिला तिसरा परिच्छेद. त्यात मधेच एक ओळ होती: ‘तसेच मला राईस मिलमध्ये हिशोबाच्या कामात मदत करण्याचा थोडाफार अनुभव आहे.’ 350 शब्दांच्या त्या पत्रात कारखान्याच्या कामाची ओळ एवढीच, आणि तीच सगळ्यात पुसट! मी विचारलं, मदत म्हणजे काय करतेस? मग ती बोलायला लागली. खरेदी केंद्रावरून भरडाईसाठी धानाचा ट्रक आला की वजनाची पावती बघायची, बारदाना मोजून नोंदवायचा, तयार तांदूळ गोदामात गेला की त्याची नोंद करायची, ट्रकचं भाडं टॅलीत चढवायचं. महिन्याच्या शेवटी बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ घालायचा आणि जीएसटीआर-1 साठी विक्रीच्या बिलांची यादी काढून सीएला द्यायची. हे सगळं ती 14 महिने करत होती. जाहिरातीत मागितलेलं एक वर्ष त्यात भरून वर दोन महिने उरत होते, आणि पत्रात तिने त्याला ‘थोडाफार’ म्हटलं होतं.

म्हणजे बाकीचं पत्र कापायचं होतं आणि ही एक ओळ वाढवायची होती. पत्र लहान करायला बसलेली मुलं इथेच घसरतात. ती प्रत्येक परिच्छेदातलं एकेक वाक्य कमी करतात आणि पानभर पत्राचं अर्धं पान करतात. त्यात स्तुतीही अर्धी उरते आणि अनुभवही अर्धाच उरतो. त्यापेक्षा जाहिरात शेजारी ठेवा, त्यात जे मागितलंय त्यावर पेन्सिलीने रेघ ओढा, आणि त्या रेघांना उत्तर देणारी वाक्यंच पत्रात ठेवा.

शेवटी तिचा मेल असा झाला. विषयाच्या चौकटीत: ‘लेखा सहायक पदासाठी अर्ज – बी.कॉम., टॅली, 14 महिने अनुभव’. पदाचं नाव आधी, कारण मोबाईलवर लांब विषयाचं शेपूट कापलं जातं. आणि मजकूर:

‘महोदय,

लेखा सहायक पदाच्या आपल्या जाहिरातीनुसार अर्ज करत आहे. मी बी.कॉम. असून गेले 14 महिने लाखनी तालुक्यातील एका राईस मिलमध्ये हिशोबाचे काम पाहते. टॅलीतील रोजच्या नोंदी, दरमहा बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीआर-1 साठी विक्री बिलांची यादी ही कामे मी स्वतः करते; विवरणपत्र सीए भरतात.

बुटीबोरीत राहण्याची सोय आहे. निवड झाल्यास 15 दिवसांत रुजू होऊ शकते. बायोडेटा सोबत जोडला आहे.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. झालं. जाहिरात इंग्रजीत होती म्हणून प्रत्यक्षात मेल इंग्रजीत गेला, पण वाक्यं हीच.

यातलं ‘विवरणपत्र सीए भरतात’ हे मुद्दाम ठेवलं. आपल्याला काय येत नाही हे तिने आधीच सांगितलं, म्हणून जे येतं म्हणाली त्यावर विश्वास बसतो. शिवाय मुलाखतीत तोच प्रश्न आला तर बोबडी वळत नाही. आणि राहण्याची ओळ का? लाखनीहून नागपूर 80 किलोमीटर, तिथून बुटीबोरी आणखी पुढे. पत्ता वाचल्याबरोबर माझ्या मनात पहिली शंका तीच येते, की ही रोज येणार कशी.

आता उलटं टोक. काही जण मजकूर कोराच ठेवतात, नुसता बायोडेटा जोडतात. पाच पदांच्या जाहिराती चालू असताना हा अर्ज कोणत्या पदाचा, हे मग मी शोधत बसायचं का? काही जण वडिलांच्या मोबाईलवरून पाठवतात, तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी वडिलांचं नाव दिसतं. झेरॉक्सच्या दुकानातून पाठवला तर दुकानाचं, आणि आमचं उत्तरही दुकानालाच जातं. स्वतःच्या नावाचा मेल आयडी काढा. फाईलचं नाव Resume New Final 2.pdf असं ठेवू नका, तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या. आधार, पॅन, बँकेचं पासबुक पहिल्या मेलला अजिबात जोडू नका. ते निवड झाल्यावर मागतात. त्याआधीच कुणी मागत असेल, किंवा अर्जासाठी पैसे भरा म्हणत असेल, तर तिथे नोकरी नाही असं समजा.

ही कापाकापी सगळीकडे चालत नाही. सरकारी भरतीत विहित नमुना असतो, तिथे एक रकाना गाळला तरी अर्ज बाद होऊ शकतो. जाहिरातीत कव्हर लेटर जोडा असं स्पष्ट म्हटलं असेल, तर एक पानाचं पत्र वेगळ्या पीडीएफमध्ये जोडा आणि मेलचा मजकूर तरीही लहानच ठेवा. शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडला असेल किंवा शाखा सोडून वेगळ्या कामाला अर्ज करत असाल, तर त्याचं कारण सांगणारं एक वाक्य जास्तीचं लिहा. तिथे शब्द वाचवू नका, कारण ते वाक्य नसेल तर वाचणारा स्वतःच्या मनाने कारण ठरवतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तिला मुलाखतीचा फोन आला. नोकरी दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, त्याच्याकडे तीन वर्षांचा अनुभव होता. मेलचं काम फोन येईपर्यंतचं असतं आणि तेवढं त्याने केलं. आता तोच मेल, विषय आणि एक-दोन वाक्यं बदलून, ती इतर ठिकाणी पाठवते आहे.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक विनंती. पहिला अर्ज कंपनीला पाठवण्याआधी तो स्वतःलाच पाठवा आणि मोबाईलवर उघडा. बोटाने वर न सरकवता सगळा मजकूर दिसतो का आणि जोडलेली फाईल उघडते का, एवढं बघा, मगच पुढे पाठवा. आता पडदा उघडू द्या.