उलटे वाचन आणि मोठ्याने वाचन

स्वतः टाइप केलेल्या इंग्रजी मजकुरातल्या चुका लिहिणाऱ्यालाच दिसत नाहीत, याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसतो. ते वाचण्याच्या रीतीतच असते. डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तो उड्या घेतो. इंग्रजी वाचताना एका उडीत साधारण सात ते नऊ अक्षरे ओलांडली जातात, मग डोळा सुमारे पाव सेकंद थांबतो आणि पुढची उडी घेतो. ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ अशा लहान शब्दांवर तो पुष्कळदा थांबतही नाही. राहिलेली जागा मन अर्थाच्या ओघात भरून काढते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिस हीली यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना उताऱ्यातल्या प्रत्येक टी या अक्षरावर खूण करायची होती. त्यात ‘द’ या शब्दातला टी इतर शब्दांतल्या टीपेक्षा कितीतरी अधिक वेळा सुटला. मजकूर स्वतःचा असेल तर अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे डोळ्याला कागदावर थांबायचे कारण आणखी कमी होते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला पदव्युत्तर प्रबंध हे या अडचणीचे चांगले उदाहरण आहे. शेतातले काम मराठीत चालते, प्रबंध मात्र इंग्रजीत लिहिला जातो. तुरीवरील मर रोगाचा अभ्यास घेऊ. त्याच्या ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात फील्ड ट्रायल, कॉझल ऑर्गनिझम म्हणजे रोगकारक बुरशी, आणि फ्रॉम जून असे शब्द पानोपानी येतात. फील्डमधली ई आणि एल ही अक्षरे आलटून पडली की शब्द फाइल्ड होतो. ट्रायलमधली आय आणि ए उलटली की ट्रेल होतो, म्हणजे पायवाट. कॉझलमधली यू आणि एस उलटली की कॅज्युअल, म्हणजे रोगाला कारण असलेली बुरशी एकदम ‘सहज आलेली’ ठरते. फ्रॉमचे फॉर्म होणे तर नेहमीचेच. दोन हातांच्या बोटांचा क्रम क्षणभर चुकला की शेजारची दोन अक्षरे अशी उलटतात. नवा शब्दही शब्दकोशातला असल्याने संगणकाचा स्पेलिंग तपासनीस त्याखाली तांबडी रेघ ओढत नाही.

अशा चुकांसाठी मोठ्याने वाचन उपयोगी पडते. ट्रायल आणि ट्रेल, कॉझल आणि कॅज्युअल यांचे उच्चार वेगळे आहेत, त्यामुळे कागदावर आहे तेच तोंडातून आले तर चूक कानाला खटकते. गळालेला शब्दही असाच सापडतो. दोन उपचारांत ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे लिहायचे असताना ‘नॉट’ गळाला, तर निष्कर्ष उलटा होतो आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध राहते. मोठ्याने वाचताना वाक्याचा निष्कर्ष कानावर पडतो आणि तो शेजारच्या तक्त्याशी जुळत नाही हे ध्यानात येते.

पण तोंडसुद्धा डोळ्यासारखेच फसवते. वेगाने वाचणारा कागदावर ट्रेल असताना ट्रायल म्हणून मोकळा होतो. म्हणून छापील प्रत घेऊन, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, बातम्या वाचतात त्याहूनही सावकाश वाचावे लागते. त्याहून चांगला उपाय म्हणजे विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला सांगणे आणि लिहिणाऱ्याने फक्त ऐकणे. माणूस मिळत नसेल तर वर्डमधील `Review` या विभागातली `Read Aloud` ही सोय वापरता येते. यंत्राला मजकुराचा अर्थ ठाऊक नसतो. जे टाइप झाले आहे तेच ते उच्चारते, ‘द’ दोनदा पडला असेल तर दोनदा म्हणते.

कानाच्या मर्यादा मराठी माणसाच्या बाबतीत ठरलेल्या आहेत. ‘देअर’ या एकाच उच्चाराची एकाहून अधिक इंग्रजी स्पेलिंगे आहेत, आणि अफेक्ट व इफेक्ट हे शब्द बोलताना जवळजवळ एकसारखेच होतात. मोठ्याने वाचून अशा शब्दांतली अदलाबदल पकडता येत नाही. दुसरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती गळालेले वाक्य मराठी कानाला अडखळवत नाही. अशा जागा ऐकून सापडत नाहीत, त्या नियम समोर ठेवून शोधाव्या लागतात.

उलटे वाचन मोठ्याने वाचनाच्या नेमके विरुद्ध काम करते. ते दोन प्रकारे होते. पहिल्यात प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य मागे जायचे. प्रत्येक वाक्य मात्र सरळ वाचायचे. परिच्छेदाचा ओघ तुटतो, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि वाक्यातला कर्ता-क्रियापदाचा मेळ, सुटलेले उपपद, जादा शब्द हे उघडे पडतात. दुसऱ्या प्रकारात शब्दही उलट्या क्रमाने, उजवीकडून डावीकडे घ्यायचे. ओळीखाली पट्टी धरायची आणि पेन्सिलीचे टोक एका वेळी एकाच शब्दावर ठेवायचे. अर्थ पूर्णपणे नाहीसा होतो आणि शब्द केवळ अक्षरांची रांग म्हणून उरतो. फंगिसाइडमधला दुसरा आय गळाला असेल तर सरळ वाचताना तोंड बरोबरच उच्चार करते; उलट्या वाचनात मात्र ती उणीव दिसते. एका ओळीच्या शेवटी आणि दुसरीच्या आरंभी पडलेले दोन ‘द’ही असेच हाती लागतात.

शब्द उलटे घेण्याची मर्यादाही त्याच्या गुणातूनच येते. सुटा पाहिलेला फॉर्म किंवा ट्रेल हा शब्द निर्दोषच असतो, त्यामुळे ती चूक या रीतीने निसटते. शिवाय संपूर्ण प्रबंध असा वाचणे शक्य नाही, डोळे लवकर थकतात. म्हणून ती रीत जिथे वाक्यच नसते अशा जागांसाठी राखून ठेवावी: मुखपृष्ठ, प्रकरणांची शीर्षके, तक्त्यांचे मथळे, संदर्भसूची आणि शास्त्रीय नावे. शीर्षकांकडे मुद्दाम पाहावे लागते, कारण पूर्ण मोठ्या लिपीतले शब्द आणि अंक असलेले शब्द वगळण्याची सूचना स्पेलिंग तपासनिसात बहुधा आधीपासूनच चालू असते. मर रोगाच्या बुरशीचे फ्युजेरियम उडम हे नाव तपासनिसाला अनोळखी असते, म्हणून शुद्ध लिहिले तरी त्याखाली तांबडी रेघ येते. त्या रेघेची सवय झाली की अशुद्ध लिहिलेल्या नावाखालची रेघही दुर्लक्षिली जाते.

तपासणीचा क्रमही ठरलेला असावा. आधी मोठ्याने वाचन, कारण त्यातून वाक्ये बदलतात. मग वाक्यावाक्याने उलटे वाचन, आणि शेवटी निवडक पानांवर शब्दाशब्दाने. दुरुस्ती करतानाच नव्या चुका शिरतात, म्हणून बदललेले प्रत्येक वाक्य पुन्हा एकदा पूर्ण वाचायचे.

आकडे मात्र या दोन्ही रीतींच्या बाहेर राहतात. तुरीच्या बीडीएन ७११ या वाणाचा क्रमांक ७७१ असा पडला, किंवा बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम लिहिण्याऐवजी ३० ग्रॅम लिहिले गेले, तर ते ऐकायलाही बरोबर वाटते आणि उलटे पाहिले तरी बरोबर दिसते. त्यासाठी दोघांनी बसावे लागते. एकाने प्रक्षेत्रावरच्या नोंदवहीतला आकडा अंकाअंकाने, दशांश चिन्हासह वाचायचा आणि दुसऱ्याने छापील प्रतीतल्या त्याच आकड्यावर टिंब करायचे.