दयेचा कायदा आणि खाटेचा हिशेब



वादसभेच्या अध्यक्षाने दोन्ही पक्षांची भाषणे निर्विकार मुद्रेने ऐकून घ्यावीत आणि शेवटी उभयतांना सारखाच आशीर्वाद देऊन खाली बसावे, अशी रूढी आहे. ती मी आज मोडणार आहे. आणि केशवसुतांच्या जन्मग्रामी, या मालगुंडात, रूढी मोडणाऱ्यास फारशी कठोर शिक्षा होणार नाही, असा माझा भरवसा आहे. दयामरणास कायद्याची मान्यता असावी, या ठरावाला माझा विरोध आहे. मरणोन्मुख रुग्णाने श्वसनयंत्र नाकारावे आणि वैद्यानेही निष्फळ उपचारांचा हट्ट सोडावा, यात मला अधर्म दिसत नाही. तेथे रोग आपले काम करतो आणि माणूस बाजूला होतो. माझा वाद आहे तो माणसाच्या हातून माणसाचा अंत घडविण्याची आणि त्या कृत्यावर सरकारी मोहर उमटविण्याची जी मागणी आहे, तिच्याशी.

या प्रश्नाचा खरा कस ज्या एका प्रकरणात लागला, ते आपल्याच मुंबईतले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून, अत्याचार केला; मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि पुढची सुमारे ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या अर्जातील मागणी नीट ध्यानात घ्या, कारण आपल्या वक्त्यांपैकी एकानेही तिचा उल्लेख केला नाही. अरुणाबाई कोणत्याही यंत्राच्या आधाराने जगत नव्हत्या; त्यांचा श्वास त्यांचाच होता. बंद करावयाचे होते ते त्यांचे अन्न.

रुग्णालयाने न्यायालयापुढे जी हकीकत मांडली ती अशी, की मऊ कालवलेले अन्न त्या तोंडाने घेत, माशाचा वा कोंबडीचा रस्सा आला म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटे, आणि सदतीस वर्षांच्या शय्येत त्यांच्या अंगावर एकदाही शय्याव्रण झाले नाही. या शेवटच्या वाक्याचे मोल ज्याने घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्यालाच कळेल. दर थोड्या थोड्या वेळाने कूस बदलणे, पाठ कोरडी ठेवणे, चादरीची सुरकुतीही राहू न देणे, हे रात्रंदिवस चालावे लागते. एक आठवडा दुर्लक्ष झाले तरी कातडी फाटते. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले, की त्यांचा मेंदू मृत नाही, मात्र जाणीव परत येण्याची आशाही नाही. ७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळला गेला. अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या मंडळींचा आहे, अर्जदार लेखिकेचा नव्हे, असे न्यायमूर्तींनी ठरविले. विराणीबाईंच्या कळकळीविषयी मला शंका नाही. परंतु ती करुणा काही अंतरावरून पाहणाऱ्याची होती, आणि जी मंडळी रोज अंग पुसत होती त्यांना तोच देह जगण्यास अपात्र वाटला नव्हता. या दोन साक्षींपैकी कोणती ग्राह्य धरावी, हे नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्याची मला गरज वाटत नाही.

आता याच प्रकरणातील एक जुनी गोष्ट सांगतो, जी मला निकालपत्राहूनही अधिक बोलकी वाटते. अरुणाबाई रुग्णालयात पडल्याला सुमारे सात वर्षे झाली असता, अडलेली खाट मोकळी व्हावी म्हणून त्यांना अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला; परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. महापालिकेचे कारभारी दुष्ट नव्हते. खाटा थोड्या, रुग्ण अपार. त्यांचा हिशेब कागदावर बरोबरच होता. पण त्या दिवशी खाटेच्या गरजेला खाटेची गरज असेच उघड म्हणावे लागले, म्हणूनच परिचारिकांना तिच्याशी भांडता आले. दयामरणाचा कायदा त्या वेळी अस्तित्वात असता, तर तीच गरज करुणेची भाषा बोलली असती, आणि करुणेविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

बंधने घालू, असे ठरावाचे पुरस्कर्ते म्हणतात. बंधनांचा इतिहासही पाहू. २०११ साली, उपचार थांबविण्याच्या सौम्य कृतीसाठीसुद्धा, उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायमूर्तींची परवानगी आवश्यक ठरली. कारण वारसांची नजर मिळकतीवर असू शकते, ही भीती निकालातच व्यक्त झाली होती. २०१८ साली ते काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे आले आणि त्याने रुग्णाला प्रत्यक्ष भेटावे असे ठरले. २०२३ साली, ही रीत व्यवहारात चालत नाही अशी तक्रार झाल्यावर, दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्यावा आणि दंडाधिकाऱ्याला केवळ कळवावे, इतकेच उरले. यंत्र काढण्याच्या बाबतीत ही सुलभता मी समजू शकतो. परंतु बारा वर्षांत खंडपीठाच्या हुकमाचे एका सूचनापत्रात रूपांतर झाले, हे पाहिल्यावर विषाच्या सुईभोवती घातलेले कुंपण किती काळ टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा. कॅनडाने २०१६ साली दयामरणाचा कायदा केला तो ज्यांचा मृत्यू दृष्टिपथात आहे त्यांच्यासाठी. २०२१ साली ती अट सर्वांसाठी राहिली नाही.

आणि हे सारे आपल्या कोकणात आणून पाहा. मुलगे मुंबईस, घरात एक म्हातारी, आंब्याच्या बागेवर सातबाऱ्यात नावे अनेकांची. ती म्हातारी दिवसातून दहा वेळा देवाला 'आता ने रे बाबा' म्हणते आणि अकराव्या वेळी पेज का उशिरा झाली म्हणून सुनेला बोलते. आज त्या उद्गारावर कोणी तिची सही मागत नाही. कायदा झाल्यावर तिला एक नवाच प्रश्न चिकटेल: सोय उपलब्ध असताना तू अजून का जगतेस? मरणाचा अधिकार सबळ माणसाला स्वातंत्र्य वाटेल. परावलंबी माणसाला मात्र आपल्या हयातीचा खुलासा करावा लागेल.

एका विद्यार्थिनीने फार चांगला आक्षेप घेतला. ज्या भूमीत १९६६ साली सावरकरांनी आणि १९८२ साली विनोबांनी अन्नत्याग करून देह ठेवला, त्या भूमीला हा ठराव परका कसा, असे तिने विचारले. दोघांच्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतील. पण दोघांनीही अन्न स्वतःच नाकारले. दुसऱ्याच्या हाती सुई दिली नाही, कोणत्याही वैद्यावर ते कर्तव्य लादले नाही, आणि क्षणोक्षणी परत फिरण्याची वाट मोकळी ठेवली. अरुणाबाईंच्या अर्जात यातले काहीच नव्हते.

उरतो तो असह्य वेदनांचा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदना बहुतांशी मॉर्फिनने आवरता येतात; पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले, आणि २०१४ साली कायदा सैल झाल्यावरही ते खेड्यापर्यंत सहज पोहोचलेले नाही. काही थोड्या रुग्णांना मॉर्फिनही पुरत नाही, त्यांना औषधाने गुंगीत ठेवावे लागते; तेही शास्त्रसंमत आहे. ज्या सरकारला वेदनाशामक गोळी मालगुंडच्या माणसापर्यंत नेणे साधलेले नाही, त्याला ती वेदना सोसणाऱ्याचा प्राण घेण्याची परवानगी आधी द्यावी, हा क्रम मला मान्य नाही. म्हणून ठरावाच्या विरुद्ध माझे मत मी नोंदवीत आहे. आता मतपत्रिका गोळा करण्यास हरकत नाही.