जुनी घंटा कशी ओळखावी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिल्याने मंडपातील घंटा खाली उतरते. काम संपेपर्यंत ती एखाद्या खोलीत पडून राहते. तेवढ्यात कोणी भाविक नवी घंटा अर्पण करतो. मग जुनीचे काय करावे, असा प्रश्न निघतो आणि पुष्कळदा ती मोडीत जाते. मोडीचा व्यापारी वजन पाहतो, वय पाहत नाही. सबब निर्णय घेण्यापूर्वी घंटा नीट पाहून घ्यावी. ती जमिनीवर आहे, उजेडात आतून-बाहेरून पाहता येते. ही संधी पुन्हा पन्नास वर्षे येत नाही.

आपला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. त्यामुळे पितळ आणि कांसे यांतला फरक येथील घरोघरच्या बायकांनाही ठाऊक आहे. तांब्यात जस्त मिसळले म्हणजे पितळ, तांब्यात कथील मिसळले म्हणजे कांसे. घंटेसाठी उत्तम समजले जाणारे कांसे म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील. हे मिश्रण कठीण असते, नाद चांगला देते, पण ठिसूळही असते. पितळ त्या मानाने चिवट. पडले तर पोचा येतो, सहसा तडकत नाही.

रंग पाहण्यासाठी घंटा कानशीने घासू नये. घासण्याचे काम लोळ्याने आधीच करून ठेवलेले असते. घंटा उलटी करून आतल्या काठावर लोळा जेथे आदळतो ती चकाकती जागा पाहावी. तेथे पिवळा धमक रंग दिसला तर पितळ. फिकट, किंचित करडी-तांबूस झाक दिसली तर कांसे असण्याचा संभव अधिक. नेमके प्रमाण डोळ्याला कळत नाही. ते हवेच असेल तर धातूला न कापता क्ष-किरणांनी तपासणारी यंत्रे आहेत, त्यांचा उपयोग करावा.

आता लेखाकडे वळू. घंटेवरील अक्षरे दोन प्रकारची असतात. एक, ओतताना साच्यातूनच उठून आलेली. ही अक्षरे घंटेच्याच वयाची. दुसरी, छिन्नीने मागाहून कोरलेली. ही घंटेनंतर दहा वर्षांनी किंवा शंभर वर्षांनीही कोरलेली असू शकतात. दात्याने जुनी घंटा विकत घेऊन तिच्यावर आपले नाव घातलेले असते. कोरलेल्या अक्षरांच्या कडेला धातू किंचित उचललेला बोटाला लागतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका घंटेवर शके, चार आकडे आणि पुढे ‘व्ययनाम संवत्सरे’ असे कोरले आहे. पहिला एक, शेवटचे शून्य व आठ स्वच्छ आहेत; शतकाचा आकडा झिजून सात की आठ ते कळत नाही. शके १७०८ म्हणजे इसवी सन १७८६, आणि शके १८०८ म्हणजे १८८६. कारण शकात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो. एका आकड्याने शंभर वर्षांचा फरक पडला. येथे संवत्सराचे नाव साक्षीदार होते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल तितवे नाव प्रभवापासून मोजावे. १७०८ मध्ये १२ मिळवून १७२०. साठाने भागता बाकी ४०, म्हणजे पराभव. १८०८ मध्ये १२ मिळवून १८२०. बाकी २०, म्हणजे व्यय. लेखात व्यय आहे. तेव्हा आकडा आठच, आणि साल १८८६. मात्र आपल्या भागात उत्तरेकडील रिवाजाने विक्रम संवतही लिहीत. त्यातून ५७ वजा करावे लागतात आणि त्या बाजूची संवत्सरनामे आपल्या नावांशी जुळत नाहीत. म्हणून अगोदर ‘शके’ आहे की ‘संवत’ हे वाचावे, मग हिशेब मांडावा.

गावाच्या नावावरूनही काळ कळतो. आमगावच्या एखाद्या घंटेवर ‘जिल्हा भंडारा’ असेल, तर तो लेख सहसा १ मे १९९९ पूर्वीचा. कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

लेखाची तारीख खरी असली तरी ती देवळाची तारीख असतेच असे नाही. याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण वसईचे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि तेथील चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत आल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिरात अशी घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि मंदिर बांधले गेले १७४७ मध्ये. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आहे. तेथे वाडा व घाट उभारणाऱ्या नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा. दोन्ही ठिकाणी घंटा आधीची, देऊळ मागाहूनचे. उद्या कोणी त्या सालावरून देवळाचे वय सांगू लागला तर तो चुकेल. आपल्याकडेही घंटा एका देवळातून दुसऱ्या देवळात गेलेल्या असतात.

यानंतर ओतकाम. ओतारी दोन रीतींनी घंटा करतो. जुन्या रीतीत मातीच्या गाभ्यावर मेण चढवून घंटेचा आकार करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भाजून मेण काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा एकसंध असल्याने अंगावर सांधा येत नाही. दुसऱ्या रीतीत वाळूचा दोन फाळांचा साचा असतो. फाळ जेथे मिळतात तेथे माथ्यापासून काठापर्यंत समोरासमोर दोन रेघा उमटतात. कारागीर त्या घासून टाकतो, पण वरच्या कडीच्या आतल्या अंगाला कानस पोचत नाही. म्हणून सांधा शोधायचा तर कडीच्या आत बोट फिरवून पाहावे.

सांध्यावरून रीत कळते, शतक कळत नाही. मेणाची रीत आजही चालू आहे आणि वाळूची रीतही काल-परवाची नाही. अंगावरच्या गोल बारीक रेघा खरादाच्या असतात. जुने कारागीर हाताने ओढायच्या खरादावर घंटा उतरवीत, म्हणून तेवढ्यावरून ती नवी ठरवू नये. सांध्यावरून कसब मात्र कळते. दोन फाळ सरकून बसले असतील तर एका बाजूला भिंत जाड व दुसऱ्या बाजूला पातळ येते. काठाची जाडी चार ठिकाणी मोजली की हे उघड होते.

एका लबाडीविषयी सावध राहावे. जुन्या घंटेवरून साचा घेऊन नवी ओतली तर जुना लेखही तिच्यावर उतरतो. अशी अक्षरे सगळीकडे सारखीच बोथट असतात, खोलगट भागातही. खरी झीज तशी नसते. हात लागतो तो उंच भाग गुळगुळीत होतो आणि खाचेतला भाग तीक्ष्ण राहतो.

लोळ्याची झीज हा चौथा पुरावा. देवळात भाविक एकाच दिशेने येतो आणि त्याच बाजूने घंटा वाजवतो. म्हणून आतल्या काठावर समोरासमोर दोन जागी खळगे पडतात. लोळा हलवून त्या खळग्यांशी लावून पाहावा. तो बरोबर तेथेच टेकला तर जोडी बहुधा जुनीच. तो वर किंवा खाली टेकला तर लोळा बदललेला आहे. एकाऐवजी खळग्यांच्या दोन जोड्या दिसल्या तर घंटा मधे केव्हातरी फिरवून टांगली किंवा दुसरीकडून आणली. कडीचे भोक गोल न राहता लांबट झाले असेल तर तीही झीजच. पण झिजेवरून वर्षे मोजू नयेत. जत्रेच्या देवळात वीस वर्षांत जेवढी झीज होते तेवढी आडरानातल्या देवळात दोनशे वर्षांतही होत नाही.

शेवटी नाद. नादावरून वय कळत नाही. धातू व प्रकृती कळते. घंटा साखळीने मोकळी टांगावी, लाकडी हातोडीने काठावर हलकेच ठोका द्यावा आणि आवाज पुरता विरेपर्यंत सेकंद मोजावे. तुलना सारख्या आकाराच्या व जाडीच्या घंटांचीच करावी, कारण मोठी घंटा स्वभावतःच जास्त वेळ घुमते. चांगल्या कांशाचा नाद स्वच्छ उठतो व लांबतो, पितळेचा लवकर बसतो. नाद लाटांसारखा कमी-जास्त होत असेल तर घाबरू नये. घंटेची गोलाई किंवा जाडी सारखी नसली की असे होते, आणि ठोक्याची जागा बदलली की लाटाही बदलतात. कोठेही ठोकले तरी खरखर येऊन आवाज चटकन मरत असेल तर मात्र भेग समजावी. काठाला रॉकेल लावून कोरडे पुसावे व वर खडूची पूड टाकावी. भेगेतले रॉकेल झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते.

भेगाळलेली घंटा वाजवणे थांबवावे आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. कांसे एकाच जागी तापले की भेग पुढे धावते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील प्रसिद्ध स्वातंत्र्य-घंटेची खरखर थांबावी म्हणून १८४६ मध्ये तिची भेग कोरून रुंद केली. त्यानंतर ती वाजवताच भेग आणखी वाढली आणि घंटा कायमची मुकी झाली.

आता वर घेतलेली घंटा पुन्हा पाहू. लेख शके १८०८ चा, पण कोरलेला. म्हणजे घंटा १८८६ ची किंवा त्यापूर्वीची. कडीच्या आत सांधा नाही, म्हणजे मेणाची ओतीव. खळग्यांच्या दोन जोड्या आणि लोळा त्यातल्या एकीलाच टेकतो, म्हणजे मूळ जागा निराळी असू शकेल. नाद स्वच्छ. एवढ्या पुराव्यावर ‘किमान सव्वाशे वर्षांची, जागा बदललेली, सुस्थितीत’ इतकेच लिहावे. ‘भोसल्यांच्या काळातील’ असे लिहू नये, कारण तसा पुरावा त्यात नाही.

समितीने एवढे करावे. घंटेचे वजन, तोंडाचा व्यास, चार ठिकाणची जाडी, लेखाचा कागदावर घेतलेला ठसा आणि छायाचित्र ही नोंद देवस्थानच्या वहीत घ्यावी व खाली पंचांच्या सह्या घ्याव्यात. लोखंडाचा वजनदार नवा लोळा जुन्या कांशात घालू नये. तेलरंग फासू नये, आम्लाने धुऊ नये. त्याने लेख बुजतो किंवा खातो. नवी घंटा मंडपात अवश्य टांगावी. जुनी आत गाभाऱ्यापाशी टांगून सणावाराला हलकेच वाजवावी. आज ज्यांनी देणगी दिली त्यांची नावे या पुस्तिकेत आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने दिली त्याचे नाव कदाचित त्या घंटेवरच आहे, आणि ती वितळली तर ते दुसरीकडे कोठेही मिळायचे नाही.