घेईन ९९ला, देईन १०१ला



माझं काम शेअरबाजाराच्या सॉफ्टवेअरचं. त्यामुळे ‘मार्केट मेकर कमावतो कसा?’ हे नेहमी विचारलं जातं.

समजा, आपल्या सातपूरमधल्या एका लहान कंपनीचा शेअर बीएसईच्या एसएमई मंचावर आहे. हा मंच २०१२ साली सुरू झाला. मार्केट मेकर तिथे एकाच वेळी दोन भाव लावतो: ९९ला घेईन, १०१ला देईन. सकाळी कुणी हजार शेअर त्याला विकले, दुपारी दुसऱ्याने तेवढेच घेतले, की त्याला २,००० रुपये सुटतात. विकणाऱ्याला गिऱ्हाईकाची वाट पाहावी लागत नाही. तरलता ती हीच.

पण वाईट बातमी आधी कळलेला माणूसही त्यालाच शेअर विकतो. दुपारी भाव ९४ झाला, तर ५,००० रुपये बुडाले. म्हणून धोका वाटला की तो दोन भावांतलं अंतर वाढवतो. अंतर रुंदावलं, की तरलता आटते आहे असं समजावं.

लहान शेअरला असा माणूस आपणहून मिळत नाही. म्हणून सेबीच्या नियमाने तिथे नोंदणीनंतर किमान ३ वर्षं मार्केट मेकर लागतोच.