बैलाचं मोल आणि बैलाचा उपयोग

मद्रासमध्ये कलाक्षेत्र उभारणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आपल्याला माहीत असतात त्या भरतनाट्यमसाठी. पण राज्यसभेच्या सदस्य असताना त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध एक खासगी विधेयकही मांडलं होतं. सरकारनं पुढे स्वतःच कायदा आणला, तो १९६०चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्यानुसार १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि मंडळाचं मुख्यालय अनेक वर्षं चेन्नईतच होतं. हेच मंडळ जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि याच चेन्नईत, जानेवारी २०१७मध्ये, जल्लीकट्टू परत मिळावं म्हणून मरीना किनारा तरुणांनी भरून गेला.

दोन्ही बाजू म्हणत होत्या, आम्हाला बैलाचं भलं हवंय. दोघंही खरं बोलत होते असं मानलं, तरी ‘भलं’ या एकाच शब्दात ते दोन निराळ्या गोष्टी सांगत होते. आजचं बोलणं त्या दोन गोष्टींविषयी आहे.

एखादी गोष्ट चांगली असते, कारण तिच्यामुळे दुसरं काही चांगलं मिळतं. कडू औषध असं चांगलं असतं. हे झालं साधनमूल्य. दुसरी एखादी गोष्ट चांगली असते ती तिच्यासाठीच, तिच्यातून पुढे काही निघो वा न निघो. हे स्वतोमूल्य. दोन्ही ओळखायची एक सोपी रीत आहे. साधन हरवलं आणि तेच काम करणारं दुसरं साधन मिळालं, तर काही बिघडलेलं नसतं. स्वतोमूल्य असलेली गोष्ट गेली, तर बदल्यात काहीही मिळालं तरी ती गेल्याचं नुकसान शिल्लक राहतं. एकाच गोष्टीला दोन्ही मूल्यं असू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं. उत्तम प्रकृती आपल्याला कामासाठीही हवी असते आणि नुसती प्रकृती म्हणूनही.

आता न्यायालयात काय झालं ते पाहू. मे २०१४मध्ये मंडळाच्या त्या खटल्यात, म्हणजे नागराज खटल्यात, न्यायमूर्ती राधाकृष्णन यांच्या खंडपीठानं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत, दोन्हींवर बंदी घातली. मंडळाच्या निरीक्षकांनी शेपट्या पिरगाळणं, डोळ्यांत मिरचीपूड टाकणं, दारू पाजणं असे प्रकार न्यायालयासमोर ठेवले होते. पण निकाल तेवढ्यावर थांबला नाही. प्राण्याचं जगणं म्हणजे नुसतं तग धरणं नव्हे, किंवा माणसाच्या उपयोगी पडणंही नव्हे, त्या जगण्याला स्वतःचं मोल आहे, अशा आशयाचं विधान त्यात आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गातला भेद थेट निकालपत्रात आला.

मरीनावरच्या आंदोलनानंतर तामिळनाडूच्या विधानसभेनं २३ जानेवारी २०१७ला १९६०च्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. या दुरुस्तीची कारणं दोन होती: राज्याचा सांस्कृतिक वारसा जपणं, आणि देशी जातींचे बैल टिकवणं व त्यांचं कल्याण साधणं. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी आपल्या शर्यतींसाठी अशीच दुरुस्ती केली. तिकडे पुलिकुळम आणि कंगायम जातींची काळजी, इकडे खिल्लारची.

दुसरं कारण आधी तपासू. देशी जात टिकावी, हे चांगलं कशासाठी? ती काटक असते, थोड्या चाऱ्यावर भागवते, आपल्या हवामानात तग धरते. ही सगळी साधनमूल्यं झाली. मग विचारून पाहा: सरकारी पैदास केंद्रांनी आणि वीर्यपेढ्यांनी हीच जात उत्तम राखली, तर जल्लीकट्टू बंद करायला तुम्ही तयार व्हाल का? ‘हो’ म्हणणाऱ्याला जातच हवी होती. ‘तरीही नाही’ म्हणणाऱ्याचं खरं कारण दुसरं आहे, जात फक्त वकिलीसाठी पुढे केली होती.

शिवाय जात आणि बैल एक नव्हेत. जातीला चाबूक लागत नाही, तो एकेका बैलाला लागतो. मात्र पाळणाऱ्यांचा एक मुद्दा खरोखर बैलाच्या बाजूचा आहे. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला गोठ्यात ठेवायला कारण उरलं नाही. खेळ नसेल, तर तो लहानपणीच कसायाकडे जाईल. खेळामुळे त्याला चांगला खुराक आणि काही वर्षं आयुष्य मिळतं. हा युक्तिवाद मान्य करा वा करू नका, पण त्यानं त्या गोऱ्ह्याच्या आयुष्याला स्वतःचं मोल आधीच देऊन टाकलंय. तसं मोल दिल्यावर मिरचीपुडीचा हिशोबही त्याच वहीत मांडावा लागतो.

आता वारसा. परंपरा स्वतःसाठीच चांगली, की ती माणसांना आनंद आणि अभिमान देते म्हणून चांगली? बेंथमसारखा उपयुक्ततावादी म्हणेल, स्वतोमूल्य एका सुखालाच, बाकी सगळी साधनं. असं म्हटलं की गर्दीचं सुख आणि बैलाचं दुःख एकाच नाण्यात मोजावं लागतं. बैलाला हिशोबाबाहेर ठेवायची सोय बेंथमनं ठेवलेली नाही. कांटचं उत्तर निराळं. जनावराला छळू नये, कारण त्यानं माणूस निष्ठुर होतो आणि उद्या माणसांशीही तसाच वागतो. इथे बैलाची वेदना हे केवळ निमित्त आहे. दोघंही मिरचीपुडीला मनाईच करतील. पण उद्या कुणी सिद्ध केलं, की शर्यतीनं माणसं अजिबात निष्ठुर होत नाहीत, तर कांटच्या या आक्षेपाचा पाया निघून जाईल. बेंथमचा आक्षेप जसाच्या तसा राहील. म्हणून एखादा सिद्धान्त काय चांगलं म्हणतो एवढं ऐकून भागत नाही. ते कोणत्या अर्थानं चांगलं, हे कळल्याशिवाय परिस्थिती बदलल्यावर तो काय सांगेल याचा अंदाज येत नाही.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली दुहेरी मोजणीची. परंपरेचं मोल एकदा, आणि तिच्यामुळे लोकांना होणाऱ्या आनंदाचं पुन्हा एकदा, असं धरलं की एकाच रकमेच्या दोन नोंदी होतात. दुसरी चूक म्हणजे स्वतोमूल्य हे सर्वोच्च आणि अबाधित मोल समजणं. बैलाच्या वेदनेला स्वतःचं वजन आहे, याचा अर्थ ते वजन कधीच कमी पडणार नाही असा नाही. १९६०चा कायदाही सगळी वेदना वर्ज्य मानत नाही, तो ‘अनावश्यक’ वेदना मना करतो.

आणि सगळा वाद येऊन ठेपतो तो या एका विशेषणावर. आवश्यक कशासाठी? हेतू साधनमूल्याचा असेल, तर कमी वेदनेचा पर्याय दिसताच वेदना अनावश्यक ठरते. हेतू स्वतोमूल्याचा असेल आणि तो दुसऱ्या कशानं भरून निघत नसेल, तेव्हाच दोन मोलं समोरासमोर ठेवून तोलायची वेळ येते.

१८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जल्लीकट्टू हा वारसा आहे का, हे ठरवण्याचं काम त्यांनी विधिमंडळावर सोपवलं, आणि नव्या नियमांमुळे वेदना बऱ्याच कमी होतात हे मान्य केलं. प्राण्यांना मूलभूत हक्क देण्यापर्यंत मात्र पीठ गेलं नाही. यानं कायद्यापुरता वाद मिटला. पण नियम पाळले जातायत की नाही हे तपासायला घाटात उतरणाऱ्या अधिकाऱ्याला आपण बैलासाठी आलोय की शर्यतीची परवानगी शाबूत राहावी म्हणून, हे ठरवावंच लागतं. पहिल्या कारणासाठी आलेला अधिकारी प्रेक्षक नसलेल्या सरावाच्या दिवशीही तिथे जाईल.