प्रेशर टाकीतली हवा

घरातला प्रेशर पंप नळ उघडल्यावर एकदा सुरू व्हावा, काही वेळ चालावा आणि मग बराच वेळ थांबावा, अशी त्याची रचना असते. तसे न होता नळ चालू असताना तो दर दोन-तीन सेकंदांनी टक-टक करत सुरू-बंद होऊ लागला, तर दोष बहुधा मोटारीत नसतो. तो पंपाशेजारच्या लहान लोखंडी टाकीत किंवा तिच्याजवळच्या प्रेशर स्विचमध्ये असतो. या दोहोंतही आधी टाकी तपासावी लागते. प्रत्यक्षात मात्र आवाज स्विचमधून येतो म्हणून आधी स्विच बदलला जातो आणि बिघाड तसाच राहतो.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांत पाणी ठरावीक वेळी येते. ते जमिनीखालच्या हौदात साठवून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवण्याची पद्धत आहे. शहरापासून दूर हेच काम बोअरचा पंप करतो. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला जोर मिळतो तो केवळ उंचीमुळे. १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे टायरच्या भाषेत साडेचौदा पीएसआय, एवढा दाब पडतो. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या नळापेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असते. त्यामुळे तिथे ०.३ बार एवढाच दाब मिळतो. शॉवरची धार बारीक पडते, गीझरचे पाणी रेंगाळते. म्हणून दुमजली घरांत अर्धा किंवा एक अश्वशक्तीचा प्रेशर पंप बसवला जातो आणि त्याच्या सोबत २४ लिटरची आडवी टाकी येते.

ही टाकी पाणी साठवण्यासाठी नसते, दाब साठवण्यासाठी असते. तिच्या आत रबराची पिशवी असते. प्लंबर तिला ब्लॅडर म्हणतात. पाणी पिशवीच्या आत आणि दाबलेली हवा पिशवी व पत्रा यांच्या मधल्या जागेत. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. पंप पाणी आत ढकलतो तशी हवा आकसते आणि दाब चढतो. पंप थांबल्यावर तीच हवा प्रसरण पावत पाणी नळापर्यंत रेटत राहते. प्रेशर स्विच फक्त दाबावर लक्ष ठेवतो. दाब खालच्या मर्यादेला उतरला की तो पंप सुरू करतो आणि वरच्या मर्यादेला पोचला की बंद करतो.

शहाद्यातल्या एखाद्या दुमजली घरात खालची मर्यादा दीड बार आणि वरची ३ बार अशी जुळवणी आहे असे धरू. रिकाम्या टाकीत हवा १.३ बार भरलेली आहे. कारण टाकीतली हवा स्विचच्या खालच्या मर्यादेपेक्षा सुमारे ०.२ बार कमी असावी लागते. वातावरणाचा दाब जमेस धरून बॉयलच्या नियमाने हिशेब केला, तर दीड बारवर टाकीतली हवा सुमारे २२ लिटर जागा व्यापते आणि ३ बारवर सुमारे पावणेचौदा लिटर. या दोहोंतला फरक सव्वाआठ लिटरांचा. पंप बंद असताना टाकी एवढे पाणी देऊ शकते. २४ लिटरची टाकी २४ लिटर पाणी कधीच देत नाही. मिनिटाला ६ लिटर देणारा एक नळ उघडा असेल, तर पंप जवळजवळ ८० सेकंद शांत राहतो. मग मिनिटाला २५ लिटर फेकणारा तो पंप साधारण २६ सेकंद चालून पुन्हा थांबतो.

आता त्याच टाकीतली हवा निसटून गेली आणि बाहेरच्या दाबाने मोजली तर जेमतेम लिटरभर उरली, असे समजू. मग दोन मर्यादांमध्ये मिळणारे पाणी अवघे दीडशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभरही नाही. तोच नळ ते दीड सेकंदात संपवतो आणि पंप ते अर्ध्या सेकंदात पुन्हा भरतो. १८ लिटरची बादली भरायला ३ मिनिटे लागतात. निरोगी टाकीवर तेवढ्या वेळात पंप फार तर दोनदा सुरू होईल. पाण्याने भरलेल्या टाकीवर हिशेबाने ९० वेळा. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. त्यातून निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायच्या आत पुढची सुरुवात येते. आधी कपॅसिटर जातो, नंतर वाइंडिंग जळते. स्विचचे पॉइंटही दर सुरुवातीला ठिणगीने थोडे झिजतात. स्विच खराब निघाला तरी तो टाकीमुळे खराब झालेला असू शकतो, आणि म्हणून टाकी न तपासता बसवलेला नवा स्विचही लवकरच तसाच होतो.

टाकी पाण्याने भरण्याची कारणे थोडी आहेत. रबरातून हवा अतिशय सावकाश झिरपतच असते. टाकीच्या मागच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली मोटारसायकलच्या टायरला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. त्याची सुई नीट बसत नसेल तर हवा जास्त लवकर जाते. पलीकडून पाण्याचा दाब असल्यामुळे ही गळती वातावरणाच्या दाबावर येऊन थांबत नाही. पाणी पिशवी फुगवत राहते आणि उरलेली हवाही बाहेर ढकलली जाते. तिसरे कारण म्हणजे पिशवी फाटणे. मग हवा थेट पाण्याला भिडते, दाबाखाली त्यात विरघळते आणि नळावाटे निघून जाते. पिशवी नसलेल्या जुन्या जस्ती टाक्यांत तर हे रोजच घडते. त्या ठरावीक काळाने पूर्ण रिकाम्या करून पुन्हा हवेने भरून घ्याव्या लागतात.

तपासणी घरच्या घरी होते. आधी एमसीबी बंद करावा. सर्वांत खालचा नळ उघडून गेजचा काटा शून्यावर आणावा. गच्चीवरून पाणी येत असेल तर पंपाआधीचा कॉकही बंद करावा. दाब शून्यावर आणल्याशिवाय हवा मोजली, तर गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि हवा गेलेली टाकीही हवेने भरलेली वाटते. ही चूक सर्रास होते. मग मागची टोपी काढून व्हॉल्व्हची सुई क्षणभर दाबावी. पाणी आले तर पिशवी फाटली आहे, इतर कशाकडे पाहायची गरज नाही. हवा आली तर टायरच्या गेजने ती मोजावी. काहीच आले नाही आणि नळ उघडा असूनही टाकी उचलायला जड लागली, तर पाणी आतच अडकलेले आहे.

नुसती हवा कमी असेल तर पंक्चरवाल्याच्या पंपाने ती भरता येते. वरच्या उदाहरणात १.३ बार म्हणजे सुमारे १९ पीएसआय. नळ मात्र भरताना उघडाच ठेवावा, म्हणजे पिशवीतले पाणी निघून जाते. नंदुरबार जिल्ह्यात इथे एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. पहाटे १० अंश तापमानात भरलेली १.३ बार हवा गच्चीवर उन्हात तापलेल्या टाकीत ५० अंशांना पोचली, तर तिचा दाब १.६ बारच्या पुढे जातो. म्हणजे स्विचच्या खालच्या मर्यादेपेक्षा जास्त. मग पंप सुरू होण्याआधीच पिशवी पूर्ण रिकामी होते आणि नळाची धार क्षणभर तुटते. हिवाळ्यात नीट चालणारा पंप मे महिन्यात अशी उचकी देऊ लागला, तर स्विच फिरवू नये. टाकीवर सावली करावी आणि हवा पुन्हा मोजावी.

टाकीत हवा बरोबर असूनही टक-टक थांबत नसेल तर पाळी स्विचची. पंपाच्या तोंडाशी पाच तोंडांचा पितळी जोड असतो. त्यावरच टाकीची नळी, गेज आणि स्विच बसवलेले असतात. स्विचकडे जाणारे भोक अगदी बारीक असते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार किंवा हौदातला गाळ तिथे साचला, की दाबाची खबर स्विचला उशिरा पोचते. अशा वेळी पंप ठरलेल्या दाबाच्या बराच पुढे जाऊन थांबतो आणि बराच खाली उतरून सुरू होतो. टाकीकडे जाणारी नळी तुंबली तर लक्षण उलटे असते. टाकी निरोगी असूनही स्विचला ती नसल्यासारखीच वाटते आणि काटा वर-खाली उड्या मारतो. दोन्ही ठिकाणी जोड उघडून भोके साफ करणे हाच उपाय आहे. स्विचच्या झाकणाखाली पॉइंट काळे पडलेले, मुंग्या शिरलेल्या किंवा पॉइंट एकमेकांना चिकटलेले आढळू शकतात. चिकटले असतील तर पंप थांबतच नाही. मुंग्या झटकून काढता येतात. जळालेले पॉइंट घासून काही दिवस चालतात, पण त्यांचा भरवसा नसतो.

झाकणाखाली बहुतेक स्विचमध्ये दोन स्प्रिंगा असतात. मोठ्या स्प्रिंगचा नट आवळला की खालची आणि वरची दोन्ही मर्यादा एकत्र वर सरकतात. लहान स्प्रिंग फक्त दोहोंतले अंतर बदलते. जास्त जोराच्या हौसेपोटी मोठा नट आवळला आणि टाकीतली हवा तशीच ठेवली, तर टाकीतून मिळणारे पाणी घटते. लहान नट सैल करून अंतर अर्ध्या बारवर आणले, तर टाकी निरोगी असूनही पंप वारंवार सुरू होतो. म्हणून नटाला हात लावण्याआधी त्याची जागा खुणेने नोंदवावी आणि एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये.

सगळे नळ बंद असतानाही पंप दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर तो निराळा बिघाड आहे. पाणी कुठेतरी जात आहे. फ्लश टाकीचा झिरपणारा व्हॉल्व्ह, भिंतीतला सुटलेला जोड, किंवा पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंपापुढचा कॉक बंद करून पाहावे. तरीही काटा उतरत राहिला तर दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये, थांबला तर घरातल्या नळकामात.

फाटलेली पिशवी बदलता येते. टाकीच्या तोंडाची चकती बोल्ट काढून सोडवली की जुनी पिशवी बाहेर येते. नवी तेवढ्याच लिटरची आणि तेवढ्याच तोंडाची घ्यावी लागते. पत्रा आतून गंजला असेल, तर नव्या पिशवीला त्याचे पापुद्रे भोके पाडतात. तेव्हा टाकीच बदललेली बरी. काम झाल्यावर एकच नळ उघडून घड्याळ लावावे. वरच्या उदाहरणातल्या घरात पंप सव्वा मिनिटाच्या आसपास शांत राहिला आणि गेजचा काटा न उडता सरळ उतरला, तर स्विचला हात लावण्याचे कारण उरत नाही.